निबंध वाचणार कोण?

२०२४ च्या मे महिन्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात उभी राहून पेपर वाचून दाखवत होते. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना वाचता येतं, पण काम करताना कानाने ऐकायला आवडतं. त्या कणीक तिंबत होत्या. डावा हात जोरात आणि उजवा नुसता सोबतीला, अशी त्यांची पद्धत गेली काही वर्षं झाली आहे. मी वाचलं की कल्याणीनगरच्या अपघातातल्या मुलाला जामीन मिळाला आणि त्याने ३०० शब्दांचा निबंध लिहायचा आहे. मावशींचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "ताई, तो निबंध वाचणार कोण?"

त्या आठवड्यात पुण्यात या निबंधाबद्दल कितीतरी बोललं गेलं. रस्त्यावर निबंध स्पर्धा भरवून निषेध झाला. रिक्षात, भाजीच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे हाच विषय होता. पण हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे म्हणत होते, शिक्षा फार कमी झाली. मावशी विचारत होत्या, हे उत्तर कुणाला द्यायचं आहे?

मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. गुन्हा आणि शिक्षा या विषयावर दरवर्षी सहा-सात तास बोलत असे. त्या तासांचं सार मावशींच्या त्या चार शब्दांत होतं, आणि ते त्यांना कुठून सापडलं हे मला ठाऊक होतं.

आधी कल्याणीनगरचं थोडं. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या एका मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने एका मोटरसायकलला धडक दिली. मोटरसायकलवरचे मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीसाठी आलेले दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलगा दारू प्यायला होता असा आरोप होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम होतं, व्यसनाबद्दल समुपदेशन होतं. लोकांनी ही शिक्षा समजली. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. खटला पुढे उभा राहायचाच होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडण्याचा आदेश दिला.

त्या दिवसांत माझ्या ओळखीतल्या दोन-तीन शिकलेल्या माणसांनी मला विचारलं, "तुम्ही वर्गात रिस्टोरेटिव्ह जस्टिस, रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणून शिकवायच्या, ते हेच ना?" तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण ते हे नव्हे. मराठीत याला पुनर्स्थापनात्मक न्याय म्हणतात. मी वर्गात 'सांधणारा न्याय' म्हणायचे. शिक्षेचा न्याय तीन गोष्टी विचारतो: कोणता कायदा मोडला, कुणी मोडला, त्याला काय द्यायचं. सांधणारा न्याय वेगळ्याच तीन गोष्टी विचारतो: कुणाचं काय मोडलं, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती भागवणं कुणाचं काम आहे. निबंधाच्या आदेशात पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं अजून यायची होती आणि दुसरे तीन कुणी विचारलेच नव्हते. त्या खोलीत दोन घरांतली गेलेल्या मुलांची माणसं नव्हती. ती तेव्हा आपापल्या मुलाचा, मुलीचा देह ताब्यात घेण्याच्या धावपळीत असतील.

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की भांडण ही ज्यांचं भांडण आहे त्यांची मालमत्ता असते आणि आधुनिक राज्य ती काढून घेतं. वकील, न्यायाधीश, तज्ज्ञ ती आपसांत वापरतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो दोनदा हरतो: एकदा गुन्हेगारापुढे, आणि दुसऱ्यांदा आपल्याच प्रकरणात त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं जातं तेव्हा. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात कधी सकाळी जाऊन उभं राहिलं तर हे समजायला लेख वाचावा लागत नाही. फिर्यादी बाई हातात पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या असतात आणि आत 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' अमुक असा पुकारा होतो.

आता मावशींची गोष्ट. ती त्यांना विचारून सांगते आहे, नावं सोडून.

२०१८ चा जुलै. मावशी जनता वसाहतीत राहतात आणि आमच्या सोसायटीत तेव्हा पाच घरी पोळ्या करायच्या. संध्याकाळी सातच्या सुमारास पाऊस भुरभुरत होता. गल्लीच्या वळणावर एका स्कूटरने त्यांना मागून धडक दिली. त्या उजव्या हातावर पडल्या. स्कूटर थोडं पुढे जाऊन थांबली. चालवणाऱ्या मुलाने मागे वळून बघितलं, आणि तो निघून गेला. आमच्या वॉचमन काकांनी त्याला ओळखलं. आमच्याच इमारतीतला, सोळा वर्षांचा, वडिलांची स्कूटर घेऊन निघालेला. त्याच्या घरी मावशी अकरा वर्षं पोळ्या करत होत्या.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी तारा घातल्या, सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर व्यायाम. पोळ्या करणाऱ्या बाईचं उजवं मनगट.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बैठक झाली. मुलाचे वडील, सेक्रेटरी, आणखी चार जण, आणि मी. मावशींना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. वडिलांनी वीस हजार रुपयांचं पाकीट पुढे केलं. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, पोराचं करिअर आहे. पोलिसात गेलं की तुम्हालाही हेलपाटे." मावशींनी मान हलवली. मुलगा तिथे नव्हता, त्याचा क्लास होता. दहा मिनिटांत सगळं मिटलं आणि चहा आला. मी गप्प बसले होते. इतकंच नाही, घरी येताना मला बरं वाटत होतं की पोलीस, कोर्ट काही न होता माणसांनी माणसांत मिटवलं. जे मी वर्गात शिकवत होते त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हे मला तेव्हा दिसलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर मावशी भेटायला आल्या तेव्हा मी विचारलं, "पैसे पुरले का?" त्या म्हणाल्या, "पैशाचं जाऊ द्या. दोन घरं गेली." दोन महिने वाट न बघता दोघींनी दुसरी बाई लावली होती. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्यानं मला बघितलं ना ताई. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं. मग गेला कसा? एवढं एकदा विचारायचं होतं."

माझी एक जुनी विद्यार्थिनी विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांसोबत काम करते. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, दोघांना एकत्र बसवूया. ती चिडली. म्हणाली, "मॅडम, बसवलं होतंत ना एकदा?" मग तिने तिच्या पद्धतीने काम सुरू केलं, आणि बैठकीच्या आधीचे पाच आठवडे हेच खरं काम आहे हे मी तेव्हा शिकले.

ती मावशींकडे तीनदा गेली, एकटी. पहिल्यांदा फक्त ऐकलं. दुसऱ्यांदा विचारलं की बैठक नकोच असेल तर तेही चालेल, आणि पोलिसात जायचं असेल तर मी बरोबर येते. तिसऱ्यांदा विचारलं की तुमच्या बाजूने कोण बसेल. मुलाकडेही ती वेगळी गेली. त्याच्याकडून तिला एकच गोष्ट हवी होती: मी धडक दिली आणि मी निघून गेलो, हे तो नाकारत नाही ना? नाकारत असेल तर अशी बैठक घ्यायचीच नाही, हा पहिला नियम. जो नाकारतो त्याच्यासाठी न्यायालय आहे, तिथे पुरावा तपासला जातो. बैठकीत पुरावा तपासता येत नाही. तिथे कबुलीपासून सुरुवात होते.

जागेवरून वाद झाला. मुलाच्या वडिलांना सोसायटीचं ऑफिस हवं होतं. ती म्हणाली, त्या खोलीत मावशी दाराजवळच बसतील. शेवटी वस्तीतल्या अंगणवाडीची खोली ठरली, रविवारी दुपारी. मावशींबरोबर त्यांचा मुलगा आणि जाऊ. मुलाबरोबर आई आणि मामा. वडील येणार नव्हते. ऐन वेळी आले, आणि लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसले.

आधी मुलगा बोलला. हे मुद्दाम असं ठेवतात, म्हणजे ज्याला लागलं आहे त्याला आपली जखम सिद्ध करत बसावं लागत नाही. काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, नंतर काय आलं, कुणाला काय सोसावं लागलं असं तुला वाटतं, हे इतकेच प्रश्न, त्याच क्रमाने. "असं का केलंस?" हा प्रश्न ती विचारत नाही. त्यावर मुलं एकतर गप्प बसतात नाहीतर सबब सांगतात. मुलगा अडखळत बोलला. मग मावशींनी विचारलं, "तू थांबला होतास. मला बघितलंस. मग?"

तो बराच वेळ खाली बघत होता. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मेलात."

खोलीत कुणी हललं नाही. मग मावशींनी सांगायला सुरुवात केली, आणि जे वीस हजारांच्या पाकिटात कुणी मोजलं नव्हतं ते एकेक बाहेर आलं. आंघोळीला जावेची मदत लागते. रात्री गाडीचा हॉर्न ऐकला की दचकायला होतं. दोन घरं गेली. मुलाच्या आईला घरं गेल्याचं ठाऊकच नव्हतं. त्यातलं एक घर तिच्या मैत्रिणीचं होतं.

शेवटी एका वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या. राहिलेल्या दिवसांचा पगार. ज्या दोन घरांनी बाई बदलली तिथे मुलाच्या आईने स्वतः जाऊन बोलायचं. मुलाने अठरा पुरे होऊन परवाना मिळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आणि सहा शनिवार त्याने मावशींना रिक्षाने फिजिओथेरपीला न्यायचं आणि परत आणायचं. ही चौथी ओळ मावशींच्या जावेने सुचवली. आपल्यापैकी कुणालाच ती सुचली नसती.

एक घर परत मिळालं, एक नाही. मुलगा चार शनिवार आला. मग परीक्षेचं कारण सांगून दोनदा चुकला. माझी विद्यार्थिनी वहीचं पान घेऊन त्याच्या घरी गेली, तेव्हा उरलेले दोन पुरे झाले. असा पाठपुरावा नसेल तर त्या पानाला काही अर्थ राहत नाही, आणि अशा बहुतेक प्रयत्नांचं पाणी तिथेच मुरतं. मावशींनी त्याला माफ केलं का? नाही. त्या बैठकीतच म्हणाल्या होत्या, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण आता झोप लागंल." त्या घरी त्या पुन्हा कामाला गेल्या नाहीत. मनगट अजून पुरतं वळत नाही. लोकांना वाटतं, सांधणारा न्याय म्हणजे शेवटी गळाभेट. माफी हे त्याचं मोजमाप कधीच नव्हतं.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा लेख खोटा झाला असता.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे १९९५ ते २००० या काळात एक मोठा प्रयोग झाला. आरोप मान्य असलेली प्रकरणं चिठ्ठी टाकावी तशी दोन वाटांना लावली: काही नेहमीसारखी न्यायालयात, काही अशा बैठकीत. त्यात तरुणांची मारामारी होती, चोऱ्या होत्या, आणि दारू पिऊन गाडी चालवणंही होतं. मारामारीच्या प्रकरणांत बैठकीच्या वाटेने गेलेल्यांचे पुढचे गुन्हे ठळकपणे कमी झाले. वर्षाला दर १०० जणांमागे सुमारे ३८ ने कमी. ज्यांना मारहाण झाली होती त्यांच्यातही फरक दिसला. न्यायालयाच्या वाटेने गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे म्हणत होते की संधी मिळाली तर त्याला इजा करू. बैठकीच्या वाटेने गेलेल्यांत असं म्हणणारे दहातले एक होते. चोऱ्यांमध्ये फारसा फायदा दिसला नाही. आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमध्ये बैठकीने काहीच साधलं नाही, उलट किंचित वाढ झाली.

कल्याणीनगरनंतर मला हा शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा आठवत राहिला. त्याची दोन कारणं समजण्यासारखी आहेत. एक म्हणजे हे चालक पोलिसांच्या तपासणीत पकडले गेले होते, त्यांनी कुणाला उडवलं नव्हतं. म्हणजे समोर बसायला कुणी मावशी नव्हत्याच. समोरचा चेहरा नसेल तर ती बैठक म्हणजे प्रवचन होतं, किंवा ३०० शब्दांचा निबंध. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. न्यायालय परवाना निलंबित करू शकत होतं, बैठकीला तो अधिकार नव्हता. माणसाला गाडीपासून काही महिने लांब ठेवणं हे काम जबरदस्तीचं आहे आणि ते जबरदस्तीनेच होतं. आमच्या पानावरची तिसरी ओळ मुलाने पाळली, कारण वडिलांनी स्कूटर विकून टाकली.

शिक्षेचं आणखी एक काम आहे, जे बैठक करू शकत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ मध्ये लिहिलं की शिक्षेचा परिणाम मुख्यतः गुन्हेगारावर नाही, सरळ मार्गाने चालणाऱ्या बाकीच्यांवर व्हायचा असतो. आपण सगळे जे पवित्र मानतो ते अजून शाबूत आहे, असं शिक्षा त्यांना जाहीरपणे सांगते. मे महिन्यातला पुण्याचा राग मला याच नजरेने समजतो. बरेच जण त्याला सूडबुद्धी म्हणत होते. मला तसं वाटत नाही. लोकांना त्या मुलाला फाशी द्यायची नव्हती. निदान मी ज्यांच्याशी बोलले त्यांना तरी नव्हती. पैसा असला तरी दोन जीव हे दोन जीव आहेत, हे कुणीतरी अधिकाराच्या खुर्चीवरून मोठ्याने म्हणावं एवढंच हवं होतं. निबंधाच्या आदेशाने ते म्हटलं नाही. आमच्या अंगणवाडीतल्या बैठकीनेही ते म्हटलं नाही, कारण ती खासगी होती. सोसायटीत आजही बहुतेकांना वाटतं की प्रकरण वीस हजारांत मिटलं.

आणि त्या बैठकीमागे काही बळ नव्हतं, हे मला सर्वांत जास्त टोचतं. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून मुलांच्या जरा गंभीर गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक हा मार्ग ठरवला. तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांची तक्रार होती की सरकार आमची मुलं उचलून संस्थांत टाकतं. त्या बैठकीत पोलीस अधिकारी बसतो, तो घटना वाचून दाखवतो, मग कुटुंबाला एकटं सोडून सगळे बाहेर जातात आणि काय करायचं ते कुटुंब ठरवतं. पण ठरलेलं पाळलं नाही तर मागे बाल न्यायालय उभं असतं. आमच्या मागे कोण होतं? माझी विद्यार्थिनी चिवट होती, मुलाची आई भली होती, आणि मी त्याच इमारतीत राहत होते. यातलं एक जरी नसतं तरी मावशींकडे ते पाकीटच राहिलं असतं.

समाजाच्या हाती न्याय द्या असं म्हणताना समाज म्हणजे कोण, हे महाराष्ट्रात विचारावंच लागतं. जातपंचायतही माणसांना समोरासमोर बसवते. तिथेही कबुली असते, दंड असतो, 'समाजात परत घेणं' असतं. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीच्या बापाला भर पंचायतीत दंड भरून परत घेतलं जातं. त्या खोलीत अन्याय झालेलाच गुन्हेगार असतो. आपल्याला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवावी लागली, ती याच अनुभवातून. घरात मार खाणाऱ्या बाईला चौकीत "समेट करा" म्हणून परत पाठवतात, तेव्हाही शब्द सांधण्याचे असतात. म्हणून मी आता कुठल्याही समेटाबद्दल ऐकलं की तीनच गोष्टी विचारते: ज्याला लागलं त्याला नाही म्हणता येत होतं का, त्याच्या बाजूला कोण बसलं होतं, आणि उद्या दुसरी बाजू फिरली तर जायला दुसरं दार उघडं आहे का. आमच्या पहिल्या बैठकीत, त्या पाकिटाच्या, तिन्हींची उत्तरं नाही होती.

आणखी एक गोष्ट मी स्वतःला बरीच वर्षं विचारली नाही. मुलगा वस्तीतला असता आणि मनगट आमच्या इमारतीतल्या एखाद्या आजींचं मोडलं असतं तर? अंगणवाडीची खोली, पाच आठवडे, वहीचं पान, यातलं काय झालं असतं? ऑस्ट्रेलियात अनेक वर्षं हेच दिसत आलं आहे: बैठकीकडे वळवली जाणारी मुलं जास्त गोऱ्यांची असतात, आदिवासी मुलं जास्त न्यायालयात जातात. बोलणं कुणाच्या वाट्याला येतं आणि कोठडी कुणाच्या, हे गुन्ह्यावरून कमी आणि पत्त्यावरून जास्त ठरतं.

याचं उत्तर मावशींच्याच घरात होतं. २०२१ मध्ये त्यांच्या पुतण्याला, पंधरा वर्षांच्या मुलाला, मोबाईल चोरल्यावरून पकडलं. मोबाईल त्याच्याकडेच सापडला. बाल न्याय कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अशा मुलाला जामीन हा नियम आहे, जामीनदार नसला तरी. पण त्याचे वडील तेव्हा साताऱ्याकडे बांधकामावर होते, आईकडे वयाचा दाखला नव्हता, शाळा बंद होती. तो एकोणीस दिवस निरीक्षणगृहात राहिला. वस्तीत निरीक्षणगृहाला आजही रिमांड होमच म्हणतात. परत आला तेव्हा त्याचं नाव बदललं होतं. पोरं त्याला 'रिमांड' म्हणून हाक मारायची. दुकानात गेला की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवायचा. दोन महिन्यांत त्याने शाळा सोडली आणि जी पोरं त्याला हसत नव्हती त्यांच्यात बसू लागला. ती पोरं कोण असणार हे सांगायला नको. ऑस्ट्रेलियाचे गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये लाजेचे दोन प्रकार मांडले. एक लाज कृत्याला वाईट म्हणते आणि माणसाला परत बोलावते. दुसरी माणसालाच वाईट ठरवते आणि दार लावून घेते. मग तो दाराबाहेरच्यांत आपली जागा शोधतो. मी हे वर्गात शिकवत होते, आणि उदाहरण माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या करणाऱ्या बाईच्या घरात होतं.

त्या मुलाला अजून शिक्षा झालेलीच नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. प्रकरण पुढे ताकीद देऊन बंद झालं. आणि ज्याचा मोबाईल गेला त्यालाही काही मिळालं नाही. फोन कित्येक महिने मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून होता. तो माणूस कोण, तो कुठे कामाला जायचा, त्या फोनमध्ये काय होतं, हे पुतण्याला आजतागायत माहीत नाही.

निबंधाच्या बातमीनंतर दोन-तीन दिवसांनी मी मावशींना विचारलं की पुतण्याच्या वेळी तुमच्यासारखी बैठक झाली असती तर? त्या तव्यावरची पोळी उलटेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"फोनवाल्यापुढं बसवलं असतं तर पोरगं घाबरलं असतं," त्या म्हणाल्या. "आपल्या चुलत्यापुढं, माझ्यापुढं कबूल करायचं म्हणजे रिमांडपेक्षा अवघड. लई रडला असता."

"मग?"

"मग काय. फोनवाला म्हणला असता, इतके शनिवार ये. आला असता त्यो. त्याला तेव्हा शाळा पण नव्हती, रिकामाच होता."

त्यांनी पोळी उतरवली आणि दुसरी लाटायला घेतली, डाव्या हातावर जोर देऊन.